दर 7.75 टक्के, तरी हप्ता जास्त कसा?

«मॅडम, मी 36 वर्षांचा, शाळेत शिक्षक. जुळे सोलापुरात फ्लॅट घेतोय, 30 लाखांचं कर्ज हवंय, वीस वर्षांसाठी. तीन ठिकाणची ऑफर आहे. एक सरकारी बँक: 7.90 टक्के रेपोशी जोडलेला, प्रोसेसिंग 0.35 टक्के अधिक जीएसटी, वकील आणि व्हॅल्युएशनचे साडेसात हजार वेगळे. दुसरी हाउसिंग फायनान्स कंपनी: 7.75 टक्के, प्रोसेसिंग शून्य, फक्त लॉगिन फी 3,000 अधिक जीएसटी. त्यांचा मुलगा घरी येऊन हप्ता 24,628 लिहून देऊन गेला. कर्जाला विमा लागतो, त्याचे 90 हजार कर्जातच बसवू, असं म्हणाला. तिसरी आपली सहकारी बँक: 8.40 टक्के ‘फिक्स’, प्रोसेसिंग पाव टक्का अधिक जीएसटी, वकील-व्हॅल्युएशनचे सहा हजार, आणि शेअर घ्यावे लागतील. मॅनेजर ओळखीचे आहेत. बायको म्हणते प्रोसेसिंग शून्य तिथे जाऊ. वडील म्हणतात फिक्स घे, झोप लागेल. नक्की स्वस्त कोण?»
— एक वाचक, जुळे सोलापूर

सर, नमस्कार.

तो मुलगा 24,628 लिहून गेला, तो हिशोब बरोबर आहे. फक्त तो 30 लाखांचा आहे, आणि तुमच्या नावावर कर्ज चढणार आहे 30 लाख 90 हजारांचं. त्या रकमेवर 7.75 टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता येतो 25,367. सरकारी बँकेत 7.90 टक्क्यांनी 30 लाखांचा हप्ता आहे 24,907. म्हणजे ज्याचा दर कमी, त्याचाच हप्ता दरमहा 460 रुपयांनी जास्त. दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहायचं त्याने टाळलं, एवढंच. त्या पोराला दोष देऊ नका, त्याचं टार्गेट असतं. मी कर्ज विभागात असताना आमच्याकडेही हे चालायचं.

आता तिन्ही ऑफर एकाच मापाने मोजू. तुमच्या उपयोगाला रक्कम किती आली आणि तिच्यापोटी दरमहा किती गेले, हे दोनच आकडे घ्यायचे. सरकारी बँकेचं प्रोसेसिंग 10,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,890, आणि वकील-व्हॅल्युएशनचे 7,500. एकूण 19,890. कर्ज 30 लाख लिहिलेलं असलं तरी तुमच्या बाजूला खरे आले 29,80,110. हप्ता 24,907, महिने 240. घरच्या संगणकावर एक्सेल असेल तर एका कप्प्यात हे टाका:

```
=RATE(240,-24907,2980110)*12
```

उत्तर 0.0799 येईल, म्हणजे 7.99 टक्के. हाच त्या कर्जाचा खरा दर. फीचा सगळा भार वीस वर्षांवर पसरला की तो 0.09 टक्क्याएवढा भरतो.

हाउसिंग फायनान्सला तेच सूत्र लावा. हप्त्याच्या जागी 25,367 घाला. विम्याचे 90 हजार तुमच्या हातात येतच नाहीत, म्हणून उपयोगाची रक्कम 30 लाखच, आणि त्यातून लॉगिन फीचे 3,540 वजा, म्हणजे 29,96,460. उत्तर येतं 8.16 टक्के. सहकारी बँकेत 8.40 टक्क्यांनी हप्ता 25,845 आणि सगळा खर्च 14,850, त्यामुळे खरा दर 8.47. वहिनींना सांगा, ‘प्रोसेसिंग शून्य’ ही ऑफर सरकारी बँकेपेक्षा 0.17 टक्क्याने महाग पडते आहे. दर बदलले नाहीत असं धरलं तर वीस वर्षांत फीसकट एकूण भरणा सरकारी बँकेत 59,97,570 आणि हाउसिंग फायनान्सला 60,91,620. फरक 94 हजारांचा.

तिन्हीकडे सारखाच लागणारा खर्च या हिशोबात घेऊ नका. तारणाच्या कागदावरचा मुद्रांक सरकारला जातो. कर्ज कुठूनही घेतलं तरी तो भरावाच लागतो, तेव्हा तुलनेत त्याला जागा नाही. सहकारी बँकेला मात्र एवढं विचारून ठेवा की नुसते मूळ कागद ठेवून घेणार, की रजिस्टर्ड गहाणखत करायला लावणार. गहाणखताचा खर्च निराळा असतो, आणि तो त्यांच्या खर्चात मिळवावा लागेल.

विम्याबद्दल थोडं थांबते, कारण 90 हजारांचं कोडं तिथेच आहे. घरकर्ज मिळण्यासाठी कर्ज देणाऱ्याचीच पॉलिसी घेतली पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. घरात कमावते तुम्ही असाल तर विमा घ्यावाच, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण एकरकमी हप्त्याची ही पॉलिसी कर्जात बसवली की त्या 90 हजारांवर वीस वर्षं व्याज चालतं. 7.75 टक्क्यांनी नुसत्या विम्यापोटी दरमहा 739 रुपये, म्हणजे एकूण 1,77,000 च्या वर. शिवाय पॉलिसीचा कागद उघडून तिची मुदत बघा. कर्ज वीस वर्षांचं आणि संरक्षण पाच किंवा दहा वर्षांचं, असं मी कितीतरी फायलींत पाहिलं आहे. तेवढ्याच रकमेचा साधा टर्म विमा स्वतंत्रपणे कितीला पडतो ते कुठल्याही विमा कंपनीकडून काढा, आणि तो वार्षिक आकडा या 739 च्या बाराने गुणलेल्या रकमेशी, 8,868 शी, ताडून पाहा. स्वतंत्र पॉलिसीचा आणखी एक फायदा असा की कर्ज दुसरीकडे नेलं तरी ती तुमच्याजवळ राहते.

आता न्यायाने दुसरी बाजूही मांडते. तोच मुलगा विमा काढून टाकून कर्ज द्यायला तयार झाला, तर त्यांचा हप्ता खरंच 24,628 होतो आणि खरा दर 7.77. मग तीच ऑफर सरकारी बँकेपेक्षा दरमहा 279 रुपयांनी स्वस्त. ‘विमा नको’ म्हटल्यावर दर तोच राहतो का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. बरेचदा 7.75 हा दर विमा घेणाऱ्यालाच असतो, आणि विमा नाकारला की तो 8 वर जातो.

समजा राहिला तसाच 7.75. तरीही मी लगेच हो म्हणणार नाही. कारण हा आजचा दर आहे, आणि तुम्ही कर्ज घेताय वीस वर्षांसाठी. तो दर कोणाच्या हातात आहे, हे बघायला हवं.

1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवीन बदलत्या दराची घरकर्जं बाहेरच्या मापाशी जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी रेपो धरला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर. तुमचा 7.90 म्हणजे रेपो 5.25 अधिक त्यावर बँक चढवते तो स्प्रेड 2.65. रेपो हलला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दर हलतो. वर जातानाही आणि खाली येतानाही. 2025 मध्ये रेपो फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने 6.50 वरून 5.25 वर आला, तेव्हा रेपोशी जोडलेल्या जुन्या कर्जदारांचे दरही न मागता सव्वा टक्क्याने खाली आले.

हाउसिंग फायनान्स कंपन्यांना तो नियम लागू नाही. त्यांचा दर त्यांच्याच ‘प्राइम लेंडिंग रेट’वरून ठरतो, आणि तो कधी, किती बदलायचा ते कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. नवीन गिऱ्हाइकाला 7.75 आणि चार वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाला 9 च्या वर, असं एकाच ऑफिसात एकाच दिवशी असू शकतं. जुन्याने तक्रार केली तर ‘कन्व्हर्जन फी’ भरून दर खाली आणून देतात. त्या मुलाला एकच प्रश्न विचारा: फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 मध्ये रेपो सव्वा टक्का उतरला, त्या काळात तुमच्या जुन्या ग्राहकांचा दर किती उतरला, आणि ते दाखवणारा कागद आहे का? समजा अर्ध्या टक्क्यानेच उतरला म्हणाला, तर तुमच्या 279 रुपयांच्या फायद्याचं आयुष्य किती, ते तुमच्या लक्षात येईल. रेपो फक्त पाव टक्का खाली आला आणि कंपनीचा दर जागचा हलला नाही, तर सरकारी बँकेचा 7.65 होऊन तो फायदा तिथेच संपला.

सहकारी बँकेलाही रेपोशी जोडण्याचं बंधन नाही. त्यांचा ‘फिक्स’ म्हणजे वीस वर्षं फिक्स नव्हे, हे वडिलांना सांगावं लागेल. मंजुरीपत्रात ‘रीसेट’ हा शब्द शोधा. बहुतेक ठिकाणी तीन किंवा पाच वर्षांनंतर दर बँक नव्याने ठरवेल असं कलम असतं. तसं असेल तर वडिलांना तीन वर्षांची झोप मिळते आणि तुम्हाला अर्धा टक्का जादा व्याज. बदलत्या दराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही. स्थिर दर चालू असताना फेडलं तर मात्र दंड लागू शकतो, तोही विचारून घ्या.

आणि शेअर. नागरी सहकारी बँकांत तारणावरच्या कर्जाला अडीच टक्के शेअर घ्यायची पद्धत आहे, पण सगळ्याच बँकांना आता ती सक्तीची नाही. 30 लाखांवर अडीच टक्के म्हणजे 75 हजार. हा खर्च नाही, कर्ज फिटलं की शेअरचे पैसे परत मिळतात, मधे लाभांशही. पण तोपर्यंत ते अडकलेले राहतात, आणि ते कर्जातूनच कापले तर त्यांच्यावर 8.40 टक्के व्याज चालू. लाभांश जितका कमी, तितका तो फरक तुमच्या खिशातून. मॅनेजर ओळखीचे आहेत ही गोष्ट हलकी नाही. कागदपत्रांची अडचण आली तर दार उघडतं, रक्कम वेळेवर मिळते. पण अर्ध्या टक्क्याची ओळख वीस वर्षं निभवायची म्हणजे फार झालं. मॅनेजरची बदली त्याआधी दोनदा होईल.

सगळ्यात जास्त पैसा जातो तो आणखी एका ठिकाणी, आणि तिथे कोणी बोट ठेवत नाही. दर वाढला की काय वाढवायचं, हप्ता की मुदत?

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या दहा महिन्यांत रेपो 4 वरून 6.50 वर गेला. माझ्या भाच्याने त्याच्या आदल्या वर्षी वीस वर्षांचं कर्ज घेतलं होतं. हप्ता फारसा बदलला नाही म्हणून तो निवांत. दीड वर्षाने खातेउतारा काढला तर उरलेले हप्ते सुरुवातीपेक्षा जास्त. न विचारता मुदत वाढवून टाकलेली. बाकरभाजी होती त्याच्या घरी त्या दिवशी, पण जेवणात कोणाचं लक्ष नव्हतं.

तुमच्याच आकड्यांवर बघा. समजा कर्ज घेतल्यावर लवकरच दर एका टक्क्याने वाढून 8.90 झाला. हप्ता वाढवला तर तो 26,799 होतो. दरमहा 1,892 जास्त, वीस वर्षांत सुमारे 4 लाख 54 हजार. हप्ता 24,907 वरच ठेवला तर कर्ज 240 ऐवजी 303 महिने चालतं. जवळजवळ 63 हप्ते जास्त, म्हणजे सुमारे 15 लाख 65 हजार. वाढ तीच एक टक्क्याची, फरक अकरा लाखांचा. आणि तुम्ही शिक्षक, 58 ला निवृत्त. 240 महिने म्हणजे वय 56. 303 महिने म्हणजे 61. निवृत्तीनंतर तीन वर्षं हप्ता भरायचा.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये यावर नियम केला. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. पण तुम्ही काही कळवलं नाही तर पुढचं काय होईल ते मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. तिथे मुदतवाढ लिहिली असेल तर सही करायच्या आधीच ‘दर वाढल्यास हप्ता वाढवावा’ असा अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या. सरकारी बँकेला हे करताना कुरकुर करायचं कारण नाही. तुमच्या पगारात 1,892 आज बसतात का, हे मात्र आत्ताच पाहा. नसतील बसत, तर 30 लाखांऐवजी 27 वर थांबायची वेळ आहे.

आता माझा कौल. सरकारी बँक घ्या, पण 7.90 वर नाही. स्प्रेडवर भांडा, फीवर नाही. लोक नेमकं उलटं करतात, कारण फी एकदम डोळ्यांत भरते. प्रोसेसिंग पूर्ण माफ झालं तर वाचतात 12,390 रुपये, एकदाच. स्प्रेड 2.65 चा 2.55 झाला तर हप्ता 24,721 होतो. दरमहा 186 वाचतात, साडेपाच वर्षांत फीएवढे पैसे निघतात, आणि पुढे वीस वर्षांपर्यंत एकूण 44,640. हाउसिंग फायनान्सचा विमा नसलेला लेखी कोट घेऊन सरकारी बँकेत बसा, तुमचा सिबिल स्कोअर चांगला असेल तर मॅनेजर वर विचारू शकतो. कर्ज चार-पाच वर्षांत फेडणार किंवा फ्लॅट विकणार असाल तर मात्र गणित उलटतं. फीचे तेच 19,890 पाच वर्षांवर पसरले की 0.09 ऐवजी 0.17 टक्क्याच्या आसपास पडतात, आणि तेव्हा फी माफ करून घेणं जास्त शहाणपणाचं.

स्प्रेड कमी करून देताना बँक अट घालते का, तेही वाचा. पगार याच बँकेत जमा होत राहिला तर 7.80, नाहीतर पाव टक्का जास्त, असं असू शकतं. तुमचा पगार शाळेमार्फत ज्या बँकेत जातो, ती बदलणं तुमच्या हातात आहे का, हे आधी बघा.

एक कागद मागितल्याशिवाय कोणाला पैसे देऊ नका. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक कर्ज देणाऱ्याला घरकर्जाचं की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, बँकेलाही, हाउसिंग फायनान्सलाही, सहकारी बँकेलाही. त्यात सगळी फी आणि वार्षिक टक्केवारीचा दर म्हणजे एपीआर लिहिलेला असतो, आणि तो कागद निदान तीन कामकाजाचे दिवस वैध धरावा लागतो. त्यात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. तुम्हाला समजेल अशा भाषेत मागायचा हक्क आहे, मराठीत मागा. वर मी काढलेले 7.99, 8.16 आणि 8.47 त्यातल्या एपीआरशी जुळतात का ते बघा. हाउसिंग फायनान्सच्या कागदावर 7.77 दिसला तर समजा, विम्याचा अर्ज निराळा भरून घेऊन तो एपीआरबाहेर ठेवलाय. एपीआर हा आजचा दर कायम राहील असं धरून काढलेला असतो. दर पुढे कोण बदलणार, हे त्यावरून कळत नाही. म्हणून त्याच कागदावर दर कशाला जोडलेला आहे आणि स्प्रेड किती, ते दोन्ही रकाने बघा.

लॉगिन फी परत मिळत नाही. त्यामुळे तिन्हीकडे एकाच वेळी अर्ज टाकू नका. आधी लेखी कोट गोळा करा, मग अर्ज एकाच ठिकाणी. बिल्डरचा माणूस ‘अमुक कंपनीकडूनच करा, फाइल लवकर होते’ म्हणेल. त्याला तिथून कमिशन मिळत असतं. फ्लॅटच्या करारनाम्यात बिल्डरला द्यायच्या पहिल्या हप्त्याची तारीख काय आहे ती वाचा. ती जवळ असेल तर घाईने हाउसिंग फायनान्सकडे जाऊ नका, बिल्डरकडून पंधरा दिवस वाढवून मागा, पत्र लिहून.